बासरीखालचा आवाज

एका शेतकरी आजींची १२ मिनिटांची मुलाखत आहे असं समजू. देशी वाणाचं बी कसं निवडायचं, राखेत घोळून मडक्यात कसं ठेवायचं, हे त्या सांगतायत. व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओनं त्यांच्या बोलण्याखाली सुरुवातीपासून शेवटपर्यंत बासरी आणि तबला लावून दिला. आज आजी हयात नाहीत, आणि त्यांच्या बोलण्याचा शाळेसाठी ध्वनिपाठ करायचा आहे. संगीत नको, फक्त आजी हव्यात. हातात मात्र एकच तयार फाइल आहे.

पहिला प्रयत्न संगणकावर नव्हे, फोनवर करावा. स्टुडिओत संकलनाची मूळ फाइल किंवा कॅमेऱ्याच्या कार्डाची प्रत कुठे पडून आहे का, ते विचारावं. चित्रपटवाले संवाद एका ट्रॅकवर आणि संगीत व इतर आवाज दुसऱ्या ट्रॅकवर जपतात, म्हणून तर त्याच चित्रपटाचं दुसऱ्या भाषेत डबिंग होऊ शकतं. लग्नकार्याचं चित्रीकरण करणारा छोटा स्टुडिओ मात्र काम दिलं की डिस्क रिकामी करतो. तरीही विचारायला काही जात नाही. मूळ आवाज मिळाला तर पुढचं काहीच करावं लागणार नाही.

नाही मिळाला, तर अडचण नेमकी काय आहे ते पाहू. तयार फाइलमध्ये आजी आणि बासरी अशा दोन गोष्टी उरलेल्या नसतात. प्रत्येक क्षणी दोघांच्या कंपनांची बेरीज होऊन एकच आकडा नोंदलेला असतो. सात ही बेरीज दिसते; ती चार अधिक तीन होती की पाच अधिक दोन, हे कळत नाही. जाड आवाज कापा, बारीक आवाज कापा, असं इक्वलायझरनं करून भागत नाही, कारण बाईच्या आवाजाचा पाया साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याचे वरचे पडसाद काही हजार हर्ट्झपर्यंत जातात. बासरी नेमकी त्याच पट्ट्यात वाजते. बासरी कापली की आजींचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

पार्श्वसंगीताची मूळ ध्वनिफीत मिळाली तर एक जुनी युक्ती करून पाहता येते. ती उलटी करून, म्हणजे तिच्या लाटेचा चढ उतारावर ठेवून, व्हिडिओच्या आवाजात मिसळायची. संगीत संगीताला खोडतं आणि बोलणं उरतं. कागदावर हे बिनचूक आहे. प्रत्यक्षात संकलकानं आजी बोलू लागल्या की संगीत खाली आणि थांबल्या की वर केलेलं असतं, शिवाय फाइल लहान करताना दोन्हींची मोडतोड झालेली असते. जुळणी थोडीशी हलली तरी संगीत जात नाही, त्याचा घोंगावणारा, पोकळ अवशेष मागे राहतो. तो ऐकू आला की ही वाट सोडावी.

गेल्या काही वर्षांत उपयोगी पडू लागलेली वाट वेगळी आहे. इथे संगणक वजाबाकी करत नाही, अंदाज करतो. त्याला आधी अशी पुष्कळ गाणी दिलेली असतात, ज्यांचे गायन, ड्रम, बास आणि बाकीची वाद्यं हे भाग वेगवेगळे उपलब्ध आहेत. मिश्रण ऐकून त्यातला गळ्याचा आवाज कसा असेल, हे तो शिकतो. जॉन लेननच्या १९७०च्या दशकातल्या घरगुती कॅसेटवर आवाज आणि पियानो एकमेकांत मिसळले होते. १९९५च्या सुमाराला बाकीच्या बीटल्सनी ते गाणं अर्धवट सोडलं, आणि २०२३मध्ये आवाज असाच सोडवून ‘नाउ अँड देन’ पूर्ण झालं.

फेसबुकच्या संशोधकांनी केलेला डिमक्स हा असाच एक मोफत प्रोग्रॅम. तो गाण्यांवर शिकला असला तरी साधं बोलणंही ‘गायन’ या खणात टाकतो. आधी व्हिडिओतून आवाज बाहेर काढायचा, मग त्याचे दोन भाग करायचे:

```
ffmpeg -i aaji.mp4 -vn aaji.wav
demucs --two-stems=vocals aaji.wav
```

साध्या संगणकावर याला फाइलच्या लांबीच्या दीडपट वेळ लागेल असं धरून चालावं. इथे साधारण १८ मिनिटं. शेवटी `vocals.wav` आणि `no_vocals.wav` अशा दोन फाइली मिळतात. आज्ञा टाइप करायच्या नसतील तर अल्टिमेट व्होकल रिमूव्हर या मोफत प्रोग्रॅममध्ये हेच काम बटणांनी होतं. व्हिडिओची व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत मात्र घेऊ नये. फाइल लहान करताना संगीताखाली दबलेले बारीक तपशील फेकून दिले जातात, आणि जे फाइलमध्येच नाही ते कोणी वेगळं काढू शकत नाही.

आता ऐकायचं. बहुतेक जण आवाजाची फाइल लावतात, बासरी गेलेली पाहून हरखतात आणि थांबतात. आधी दुसरी फाइल ऐकावी, संगीताची. तिच्यात आजी कुजबुजताना ऐकू आल्या, तर तेवढ्या त्या पहिल्या फाइलीतून गेल्या आहेत. बहुधा ‘स’, ‘श’, ‘ह’ असे श्वासाचे वर्ण आणि वाक्याच्या शेवटी उतरत जाणारा स्वर तिकडे सापडतो. मग हेडफोन लावून आवाजाच्या फाइलीतल्या मोकळ्या जागा ऐकाव्यात. तबला सहसा स्वच्छ निघतो. बासरीचा लांब धरलेला सूर गळ्याच्या स्वराशी मिळताजुळता, त्यामुळे दोन वाक्यांच्या मधे त्याची ओली रेघ राहू शकते. सनई आणि सारंगीशी गाठ पडली तर आणखी त्रास होतो. पार्श्वभूमीला कोणी गात असेल तर आशाच नको: प्रोग्रॅमला दोन्ही गळेच वाटतात, तो आजींसोबत गायिकाही हातात देतो. तिथे बोलणं आणि संगीत वेगळं करायला खास शिकवलेलं मॉडेल लागतं.

मोकळ्या जागांतली रेघ हातानं आवाज कमी करून घालवता येते, पण पूर्ण शून्यावर नेऊ नये. ठार शांततेतून अचानक माणूस बोलू लागला की कानाला ते कापून चिकटवलेलं कळतं. एखाद्या खोलीची नुसती शांतता, पंखा बंद करून, मिनिटभर रेकॉर्ड करावी आणि अगदी हळू खाली पसरावी. खाली नवं संगीत जाणार असेल तर काम आणखी सोपं, कारण उरलेसुरले अवशेष त्यात बुडतात. नुसता आवाज ऐकवायचा असेल तेव्हाच खरी परीक्षा होते. म्हणून फाइल कुठे वापरायची, ते ठरवूनच किती घासायची ते ठरवावं. अवशेष घालवायला वर आणखी एक गोंगाट कमी करणारा फिल्टर लावायचा मोह होतो. त्यानं आजींचा घोगरेपणाही पुसला जातो, आणि मला तो गेलेला चालत नाही.

ओठ आणि आवाज जुळण्याची चिंता या कामात नाही, कारण फाइलीची लांबी बदलत नाही. कुठे काही कापलं नाही तर नवा आवाज जुन्या चित्रावर तसाच बसतो. चित्राला हात न लावता तो असा जोडता येतो:

```
ffmpeg -i aaji.mp4 -i navin.wav -map 0:v -map 1:a -c:v copy navin.mp4
```

एखादी जागा तरीही हट्टी निघते. बी राखेत घोळण्याचं प्रमाण आजी सांगतात आणि नेमकी तिथेच संकलकानं तबल्याची तिहाई चढवलेली, आवाज मूळ मिश्रणातच गुदमरलेला. मूळ व्हिडिओ पुन्हा ऐकून तो आकडा पक्का होत असेल, तर ध्वनिपाठात निवेदकानं तो आपल्या आवाजात सांगावा. पक्का होत नसेल तर ते वाक्य गाळावं, कारण प्रोग्रॅमनं अंदाजानं भरलेल्या अक्षरांवर बियाण्याचं प्रमाण ठरवता येत नाही.