अकाउंट उडवलं, पैसे मात्र कटतात

मुलाच्या फोनवरून रोब्लॉक्स काढून टाकलं की विषय संपला, असं अनेक पालकांना वाटतं. प्रत्यक्षात त्यानं काहीच पुसलं जात नाही. कोणत्या लेव्हलला पोचलो, कोणती टोपी विकत घेतली, ही नोंद फोनमध्ये नसून कंपनीच्या सर्व्हरवर, मुलाच्या यूजर आयडीखाली असते. ॲप पुन्हा टाकून लॉगिन केलं, की सगळं जिथल्या तिथे!

अकाउंटच कायमचं काढलं तर मात्र शिल्लक रोबक्स आणि घेतलेल्या वस्तू त्याच्याबरोबर जातात; त्या नव्या अकाउंटवर हलवता येत नाहीत. रोब्लॉक्सवरचे खेळ वेगवेगळ्या लोकांनी बनवलेले असल्यानं, प्रत्येक खेळातली प्रगती पुसायला कंपनी त्या त्या निर्मात्याला तो आयडी कळवते.

पैशांची वाट वेगळी. दरमहाचं सबस्क्रिप्शन गूगल प्लेवरून घेतलं असेल, तर ते ज्याच्या गूगल खात्यावर आहे, बहुधा आईच्या किंवा बाबांच्या, तिथेच चालू राहतं. म्हणून आधी प्ले स्टोअरमध्ये Payments & subscriptions उघडून ते रद्द करावं, मगच अकाउंटला हात लावावा. भरलेल्या महिन्याचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.