कंसातले कंस आणि एक चिठ्ठी

बजेटची शीट दुसऱ्याच्या हाती सोपवताना आकडे समजावून सांगायला वेळ लागत नाही. अडते ते एखाद्याच सेलपाशी. उदाहरणार्थ, तरतुदीपेक्षा खर्च किती टक्के जास्त झाला हे दाखवणारा हा फॉर्म्युला पाहा:

```
=IF(C7="","",IFERROR(C7/VLOOKUP(TRIM(A7),'तरतूद'!$A$2:$C$40,3,FALSE)-1,"तरतूद नाही"))
```

डावीकडून वाचायला गेलात की गुंता होतो. कंसात कंस असले की आतून बाहेर यायचं. म्हणून सहकारी मॅडमसाठी चिठ्ठी लिहायची ती अशी:

“मॅडम, A7 मध्ये खर्चाचं नाव आहे, ‘छपाई’. TRIM त्याच्या मागेपुढे चुकून पडलेली रिकामी जागा काढतं. VLOOKUP ते नाव ‘तरतूद’ शीटच्या पहिल्या रकान्यात शोधून तिसऱ्या रकान्यातली रक्कम आणतं, 40,000. FALSE म्हणजे नाव तंतोतंत जुळलं तरच. C7 मधला खर्च 46,000. भागाकार 1.15, त्यातून 1 वजा, म्हणजे 15 टक्के जास्त. बाहेरचं IF फक्त खर्च भरलेला नसेल तर सेल कोरा ठेवतं.”

इथपर्यंतचं कुणीही सावकाश बसून उलगडू शकतं. फॉर्म्युला बारमध्ये आतला एखादा तुकडा निवडून F9 दाबलं की एक्सेल त्याचं उत्तर तिथेच दाखवतो. मात्र नंतर Esc दाबायचं, एंटर नाही. एंटर दाबलं तर तो तुकडा जाऊन नुसता आकडा कायमचा बसतो.

चिठ्ठीची खरी गरज पुढच्या भागासाठी आहे, कारण तो फॉर्म्युल्यात दिसतच नाही. “तरतूद नाही” हे उत्तर IFERROR देतं, आणि ते कुठल्याही चुकीवर देतं. शीर्ष यादीत नसेल तरी तेच, ‘छपाई’चं ‘छपाइ’ झालं असेल तरी तेच, तरतूद शून्य असेल तरी तेच. एखाद्याने नवं शीर्ष 41 व्या ओळीत लिहिलं तर तेही सापडणार नाही, कारण शोध 40 व्या ओळीपर्यंतच आहे. IFERROR ऐवजी IFNA वापरलं तर निदान न सापडलेलं नाव आणि शून्य तरतूद वेगळी कळते: शून्याने भागल्याची चूक #DIV/0! म्हणून समोर येते.

त्याहून वाईट म्हणजे तो 3. समजा, कुणी ‘तरतूद’ शीटमध्ये रकमेच्या आधी गेल्या वर्षीच्या तरतुदीचा रकाना घातला. एक्सेल $C$40 चं $D$40 आपणहून करतो, पण 3 हा साधा आकडा असल्याने तसाच राहतो. आता छपाईची तुलना गेल्या वर्षीच्या 36,800 शी होते आणि सेलमध्ये 25 टक्के दिसतात. चुकीची खूण कुठेच नाही, आकडाही पटण्यासारखा. मॅडमच्या चिठ्ठीत म्हणून शेवटची ओळ अशी हवी: “तरतूद शीटमध्ये रकाना वाढवलात तर 3 बदला, आणि छपाईचं उत्तर हाताने एकदा ताडून पाहा.”