पंचवीस लाखांची चाळणी

व्हॉट्सअ‍ॅपवर एक पोस्टर येतं. ‘कौन बनेगा करोडपती’चं बोधचिन्ह, अमिताभ बच्चन, पंतप्रधान, एखादा उद्योगपती, सगळे दाटीवाटीने एकत्र. तुमच्या सिमकार्डाला म्हणे २५ लाखांची लॉटरी लागली! सोबत हिंदी ऑडिओ: अमुक ‘बँक मॅनेजर’ला व्हॉट्सअ‍ॅपवरूनच फोन करा. स्पेलिंग चुकलेलं, शिक्के वेडेवाकडे, आणि नंबर बऱ्याचदा +92 ने सुरू होणारा, म्हणजे पाकिस्तानच्या कोडचा.

एवढी मेहनत घेणाऱ्यांना एक बरं पोस्टर करता येऊ नये? मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी फसव्या ‘नायजेरियन’ ईमेलांबद्दल हाच प्रश्न विचारला आणि २०१२ साली थक्क करणारं उत्तर मांडलं. लाखो निरोप पाठवायला जवळपास काहीच लागत नाही. खर्च होतो तो उत्तर देणाऱ्याला पटवण्यात. शंकेखोर माणूस चार दिवस बोलून मागे फिरला, तर ते चार दिवस वाया. म्हणून थाप ढोबळच बरी: हसणारे आपोआप गळतात, उरतात ते विश्वास ठेवणारे. प्रत्येक चूक मुद्दाम केलेली असेल असं नाही, पण ती त्यांच्या फायद्याचीच ठरते.

एकदा उत्तर दिलं की खेळ बदलतो. समजा, आधी ८,००० रुपये ‘प्रोसेसिंग फी’, परत मिळणारी. ती भरली की तुमच्या नावाच्या चेकचा फोटो येतो, पाठोपाठ जीएसटीचे २५,०००. मग खुशखबर: बक्षीस आता ४५ लाख! अर्थात फीही वाढली. आता थांबायचं तर आधीचे ३३,००० बुडाले असं मान्य करावं लागतं, आणि तेच जड जातं.

खरं बक्षीस उलट्या दिशेने चालतं. रोख लॉटरीवरचा ३० टक्के कर देणाराच कापून घेतो आणि उरलेली रक्कम देतो. (मोटारीसारखी वस्तू मिळाली तर कराची रक्कम आधी भरावी लागू शकते, पण तेव्हा स्पर्धेत भाग घेतल्याचं निदान तुम्हाला आठवत असतं.) पैसे यायचे असतील तर यूपीआय पिनही टाकावा लागत नाही.

नुसता निरोप आला असेल तर उत्तर न देता स्क्रीनशॉट घ्या, ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षू’ सुविधेत कळवा आणि नंबर ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन, मग बँक, मग cybercrime.gov.in वर तक्रार. व्यवहार क्रमांक, तारीख, रक्कम हाताशी ठेवा. घाई एवढ्यासाठी की पैसे भाड्याच्या खात्यांतून भराभर पुढे सरकतात. वाटेत आहेत तोवरच बँक ते गोठवू शकते. चॅट पुसू नका, तोच पुरावा.

काही दिवसांनी एखादा ‘सायबर अधिकारी’ फोन करील: तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला थोडी फी लागेल. तुमचा नंबर आता पैसे भरणाऱ्यांच्या यादीत आहे. हा फोनही १९३० वर कळवायचा.