दोन डगरींवर हात ठेवणारी तीन क्रियापदे

बारावीच्या इंग्रजीच्या वहीत एक साधे वाक्य असते: ‘ही यूज्ड टू लिव्ह इन नाशिक.’ तो पूर्वी नाशिकला राहायचा. खाली सूचना असते, नकारार्थी करा. वर्गातली निम्मी मुले ‘डिडन्ट यूज्ड टू’ लिहितात, काही ‘यूज्ड नॉट टू’ लिहितात आणि एखादा हुशार मुलगा ‘वॉजन्ट यूज्ड टू’ लिहून मोकळा होतो. या तिसऱ्या मुलाचा अर्थच बदलतो, पण पहिल्या दोघांचे तसे नाही. ‘यूज्ड नॉट टू’ तर इंग्रजीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. आज मात्र ते आजोबांच्या काळातल्या कोटासारखे दिसते.

घोळ का होतो हे कळायला इंग्रजी क्रियापदांची एक जुनी सवय पाहावी लागते. नकार किंवा प्रश्न आला की इंग्रजीतले बहुतेक क्रियापद स्वतः हलत नाही, ‘डू’ नावाचा गडी बोलावते. ‘ही प्लेज’चे ‘ही डझन्ट प्ले’ होते आणि ‘डझ ही प्ले?’ही होते. कॅन, मस्ट, विल यांचे मात्र तसे नाही. ती ‘नॉट’ स्वतःच उचलतात आणि प्रश्नात स्वतःच पुढे येऊन उभी राहतात: ‘ही कॅनॉट’, ‘कॅन ही?’. पूर्वी सगळीच क्रियापदे असे स्वावलंबी होती. साधारण सोळाव्या-सतराव्या शतकात ‘डू’चा शिरकाव वाढला, साध्या क्रियापदांनी त्याच्यापुढे मान तुकवली आणि सहायक क्रियापदे तेवढी ताठ राहिली. डेअर, ऑट टू आणि यूज्ड टू ही तिघे त्या सीमेवरच अडकली.

यूज्ड टू आता जवळजवळ पूर्णपणे ‘डू’च्या बाजूला गेले आहे. ‘डिड’ आले की पुढचे क्रियापद मूळ रूपात येते, म्हणून ‘डिड वेन्ट’ चुकते आणि ‘डिड गो’ बरोबर ठरते. त्याच न्यायाने ‘डिडन्ट यूज टू’ लिहायचे, शेवटचा डी गाळून. प्रश्नही तसाच: ‘डिड ही यूज टू लिव्ह इन नाशिक?’ नियम सोपा आहे, पण कान दगा देतो. बोलताना हा शब्द ‘यूस्टू’ असा होतो. सुरी ‘वापरली’ या अर्थाच्या ‘यूज्ड’मधला ‘झ’सारखा घोष इथे नसतो. इथे ‘स’ येतो आणि डी पुढच्या टीमध्ये विरघळून जातो. त्यामुळे डी लिहिला काय आणि गाळला काय, ऐकणाऱ्याला फरक कळतच नाही. खुद्द इंग्लंड-अमेरिकेतले लोकही डी ठेवून लिहितात आणि तसे छापलेलेही दिसते. परीक्षेच्या आणि संपादकाच्या टेबलावर मात्र डी गाळलेले रूपच सुरक्षित.

ज्याला या भांडणात पडायचे नाही त्याच्यासाठी एक पळवाट आहे, ‘ही नेव्हर यूज्ड टू लिव्ह इन नाशिक’. इथे ‘डिड’ नाही, म्हणून डी जागेवर राहतो. इंग्रज माणूस बोलताना हीच वाट सर्रास धरतो.

मराठी माणसाचा पाय आणखी एका ठिकाणी घसरतो. ‘मी रोज फिरायला जातो’ याचे इंग्रजी ‘आय यूज टू गो’ असे केले जाते. या ‘यूज टू’ला आजच्या इंग्रजीत वर्तमानकाळच नाही. आपल्या ‘जात असे’लाही तो नाही, असे लक्षात ठेवले तर चूक टळेल. गंमत म्हणजे ‘जात असे’चा नकार ‘जात नसे’ होतो. आपले ‘असे’ नकार स्वतःच्या पोटात घेते, बाहेरचा गडी बोलावत नाही.

डेअरची गोष्ट अधिक रंगतदार आहे, कारण हे क्रियापद आजही दोन्ही घरचे जेवते. ‘तिला सांगायला तो धजत नाही’ हे इंग्रजीत दोन प्रकारे म्हणता येते. पहिला प्रकार कॅनच्या धर्तीवर, ‘ही डेअर नॉट टेल हर’. यात डेअरला एस लागत नाही आणि पुढे ‘टू’ही येत नाही. दुसरा प्रकार साध्या क्रियापदाचा, ‘ही डझन्ट डेअर टू टेल हर’. इथे ‘डझ’ येते आणि ‘टू’ चालते, पण बोलताना ‘टू’ गाळून ‘डझन्ट डेअर टेल हर’ असेही लोक म्हणतात आणि ते चुकीचे मानले जात नाही. चुकते ती उलटी सरमिसळ: ‘ही डेअरन्ट टू टेल हर’. डेअरने एकदा ‘नॉट’ स्वतः उचलले की मागे ‘टू’ ओढायचे नाही.

पण ‘ही’ असूनही एस का नाही? कारण पार जुन्या इंग्रजीत आहे. कॅन, शॅल, मे आणि डेअर ही क्रियापदे मुळात भूतकाळी रूपे होती आणि पुढे वर्तमानकाळात वापरली जाऊ लागली. भूतकाळाला ‘ही’साठी वेगळा एस नसतो. म्हणून ‘ही कॅन्स’ होत नाही आणि ‘ही डेअर नॉट’ होते. डेअरचे जुने भूतकाळी रूप ‘डर्स्ट’ आता पुस्तकांतच उरले आहे. आज ‘डिडन्ट डेअर’ म्हणतात, कधी ‘डेअर्ड नॉट’.

हे पहिले, कॅनसारखे रूप नकार आणि प्रश्न सोडून फारसे कुठे जात नाही. ‘ही डेअर टेल हर’ असे सरळ होकारार्थी आज कुणी म्हणत नाही. मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको. आपले ‘धजणे’ही असेच आहे. ‘बोलायला कुणी धजेना’, ‘कोण धजेल?’ हे सहज तोंडी येते, पण ‘मी काल बोलायला धजलो’ जरा अडखळते. माणूस हिंमत दाखवतो तेव्हा ती न सांगता नुसते कृत्य सांगतो, हिंमत न झाल्याचे मात्र मुद्दाम सांगावे लागते.

याच जुन्या रूपाचे दोन अवशेष आजही ठणठणीत आहेत. ‘हाऊ डेअर यू!’मध्ये ‘डू’ घुसवून ‘हाऊ डू यू डेअर’ म्हटले तर रागाचा सगळा जोर निघून जातो. मराठीत त्याचे ‘तुझी हिंमत कशी झाली!’ होते. दुसरा ‘आय डेअर से’. त्यात धाडस नावालाही नाही, अर्थ नुसता ‘बहुधा’. याउलट ‘डोन्ट यू डेअर!’ने ‘डू’ला आत घेतले आहे. त्याला मराठीत एकच शब्द पुरतो, ‘खबरदार!’ आणि ‘ट्रुथ ऑर डेअर’मधले डेअर म्हणजे दुसऱ्याला आव्हान देणे. त्या अर्थाने ते पूर्णपणे साधे क्रियापद आहे आणि एस-डी सगळे घेते.

उरले ऑट टू. हे मुळात ‘ओ’चे, म्हणजे देणे लागण्याच्या क्रियापदाचे, भूतकाळी रूप. ‘देणे लागत होता’वरून ‘करायला हवे’ असा अर्थ आला. याने ‘डू’ची पायरी कधी चढलीच नाही. काही बोलींत ‘डिडन्ट ऑट टू’ ऐकू येते, पण ते वहीत लिहिले तर लाल रेघ ठरलेली. प्रमाण रूपे म्हणजे ‘यू ऑट नॉट टू गो’ आणि ‘ऑट वी टू गो?’. दुसऱ्या वाक्यात ‘वी’ मध्ये घुसतो आणि ऑट-टूची जोडी फुटते, म्हणून ते जिभेवर बसत नाही. नकारात आणि प्रश्नात ‘टू’ गाळणारेही आहेत, विशेषतः अमेरिकेत.

पण बहुतेक इंग्रजी बोलणारे इतके काही करतच नाहीत. होकारात ‘वी ऑट टू गो’ म्हणतात आणि विचारायची वेळ आली की गुपचूप शूडकडे वळतात: ‘शूड वी गो?’ त्याच माणसाला ‘ऑटन्ट वी टू’ म्हणायला लावले, तर आधी घसा खाकरतो.