आल्यो ए ओल्यो मराठीत लिहिताना

स्पागेत्ती आल्यो ए ओल्यो हा नेपल्सकडचा साधा पदार्थ. ऑलिव्ह तेलात लसणाचे काप मंद आचेवर परतायचे, सुकी लाल मिरची चुरडून घालायची, उकडलेली स्पागेत्ती त्यात घोळवायची आणि वर पार्स्ली चिरून टाकायची. ही कृती मराठीत लिहू पाहणाऱ्याला पहिल्याच ओळीत प्रश्न पडतो. 'आल्यो' म्हणजे लसूण, 'ए' म्हणजे आणि, 'ओल्यो' म्हणजे तेल. मग शीर्षकच मराठी का करू नये?

करू नये, कारण ते पदार्थाचं नाव आहे. मेनूकार्डावर किंवा दुसऱ्या पुस्तकात वाचकाला तो त्याच नावाने शोधावा लागणार. अर्थ एकदा शेजारी सांगितला की पुरे. साहित्याच्या यादीत मात्र लसूण ही लसूणच लिहावी. तिथे 'आल्यो' लिहिणं हा निव्वळ डौल होईल.

खरी अडचण येते ती मराठी शब्द जवळचा वाटतो पण वस्तू वेगळी असते तेव्हा. 'बाझिलिको'ला सर्रास तुळस म्हटलं जातं. पण ती वनस्पती ज्याच्या बिया आपण फालुद्यात घालतो त्या सब्ज्याची. अंगणातल्या तुळशीचा वास आणि तिखटपणा निराळा. रिकोत्ताला पनीर म्हणणंही तसंच फसवं. पनीर दूध फाडून करतात, तर रिकोत्ता चीज केल्यावर उरलेली निवळी पुन्हा तापवून. असे शब्द मूळ रूपातच ठेवावेत आणि काय बदली चालेल ते वेगळं सांगावं. उलट 'अल देन्ते' हा शब्द टाळूनही काम भागतं: 'दाताखाली किंचित घट्ट लागेल इतपत शिजवा' एवढं लिहिलं की स्वयंपाक करणाऱ्याला नेमकं कळतं.

लेखनात घोळ होतो तो इंग्रजी वळणामुळे. इटालियन त आणि द दंत्य आहेत, आपल्या त-द सारखे. म्हणून 'स्पॅगेटी' नव्हे, 'स्पागेत्ती'. जोडाक्षरही शोभेचं नाही, व्यंजन खरोखर दाबून उच्चारतात. ए किंवा इ या स्वरांपूर्वी रोमन सी अक्षराचा उच्चार 'च' होतो, पण मध्ये एच आलं की 'क'. त्यामुळे 'काप्पुच्चीनो'त च येतो, तर लसूण चोळलेल्या भाजक्या पावाच्या त्या पदार्थाला 'ब्रुशेटा' नव्हे, 'ब्रुस्केत्ता' म्हणायचं. जी आणि एन एकत्र आले की 'न्य' होतो, म्हणून बटाट्याच्या त्या छोट्या गोळ्या 'न्योक्की'.

हा नियम रुळलेल्या शब्दांवर मात्र लादू नये. पिझ्झ्याचा इटालियन उच्चार 'पीत्सा'च्या जवळ जातो, पण मराठीने 'पिझ्झा' केव्हाच आपलासा केला आहे. त्याचं सामान्यरूपही होतं: पिझ्झ्यावर, पास्त्यात. 'रिकोत्त्यात' अजून कानाला खटकतं, तिथे 'रिकोत्तामध्ये' बरं. रोम, व्हेनिस, नेपल्स ही गावंही तशीच राहू द्यावीत. नव्याने येणारा शब्द लिहिण्याआधी मात्र लेखकाने इटालियन माणसाच्या तोंडून त्याचा उच्चार एकदा ऐकावा आणि मगच तो देवनागरीत उतरवावा.