ऑफर संपली, जाहिरात उतरली का?

1 नोव्हेंबरच्या सकाळी साड्यांच्या दुकानात एक बाई आल्या आणि त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला. दुकानाच्याच वेबसाइटवरची पोस्ट होती, पैठणीवर 20 टक्के सूट. "मुदत काल संपली," म्हणत मालकांनी खात्रीसाठी पान पुन्हा उघडलं, तर पोस्टच गायब. "आत्ता तर होती! माझ्यासमोर काढलीत?" बाई भडकल्या. मालकांनी मुकाट्याने सूट दिली आणि मला फोन केला. साइट मी सांभाळतो.

पोस्ट कुणीच काढली नव्हती. ती 31 ऑक्टोबरला रात्री 11:59 ला आपोआप उतरावी, अशी व्यवस्था मी केली होती. पण साइट वर्डप्रेसवरची, आणि तिचं घड्याळ UTC वर राहिलं होतं. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते, त्यामुळे आपल्याकडे पहाटेचे 5:29 वाजेपर्यंत ऑफर चालूच राहिली. Settings मध्ये Timezone ला Kolkata निवडलं की एवढा भाग सुटतो.

खरी गोम पुढेच आहे. वर्डप्रेसची नेमून दिलेली कामं घड्याळाच्या ठोक्याला होत नाहीत. कुणी साइट उघडली, की वेळ झालेली कामं शोधून ती सुरू होतात. पहाटेपासून साइटवर कुणी फिरकलंच नाही. नऊ वाजता या बाईंनी पान उघडलं आणि त्यांच्याच भेटीने पोस्ट उतरवण्याचं काम जागं झालं. ते मागच्या बाजूला होईपर्यंत त्यांच्या हातात जुनं पान पोहोचलं होतं. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

आता मी wp-config.php मध्ये ही ओळ घातली आहे:

```
define('DISABLE_WP_CRON', true);
```

आणि दर पाच मिनिटांनी wp-cron.php चालवण्याचं काम सर्व्हरच्या क्रॉनकडे दिलं आहे. नुसती ओळ घालून पुढचं राहिलं, तर एकही पोस्ट वेळेवर उतरणार नाही. पानाची साठवलेली प्रत, म्हणजे कॅशे, असेल तर पोस्ट उतरताच तीही पुसावी लागते, नाहीतर लोकांना जुनंच पान दिसत राहतं. मुदत उलटल्यावर दहा मिनिटांनी लॉग-इन न केलेल्या मोबाइलवरून पान उघडून बघितलं, की सगळं कळतं. लॉग-इन केलेल्या मालकाला बहुधा ताजं पान दिसतं, म्हणून त्याची तपासणी फसवी ठरते.

उतरवलेली पोस्ट मात्र मी पुसत नाही, खाजगी करून ठेवतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं तक्रार करता येते. कुणी आयोगाकडे गेलं, तर त्या दिवशी नेमकं काय लिहिलं होतं आणि मुदत कुठे दिली होती, हे दाखवायला मूळ पोस्ट लागते. म्हणून दोन वर्षं पुरी होईपर्यंत ती ठेवायची. आणि मुदत यापुढे बारीक अक्षरात नाही, सूट जितक्या मोठ्या अक्षरात तितक्याच, तिच्या शेजारी.