टाकी एक, सूचना तीन

सोसायटीची पाण्याची टाकी साफ करायची असते तेव्हा सचिवाला एकच गोष्ट तीन ठिकाणी सांगावी लागते: जिन्याखालच्या फलकावर, सभासदांच्या ईमेलवर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर. बहुतेक ठिकाणी फलकावरच्या नोटिशीचा फोटो काढून तोच ग्रुपवर टाकतात. मग ग्रुपवर कुणी तो उघडून वाचत नाही, आणि ‘पाणी का गेलं?’ हा प्रश्न रविवारी सकाळी दहा वेळा विचारला जातो.

लिहायला बसण्यापूर्वी तपशील तेवढे कागदावर उतरवून घ्यावेत. समजा, रविवार १५ जून, सकाळी ९ ते दुपारी ३, ए आणि बी विंग, आदल्या रात्री पाणी भरून ठेवणे, गीझर बंद ठेवणे. तिन्ही सूचनांत हे तपशील तसेच्या तसे जातात, बदलतो तो बोलण्याचा सूर. हा सूर मराठीत मुख्यतः क्रियापदावरून कळतो.

फलकावरची सूचना समिती सर्वांना उद्देशून देते आणि तिची प्रत दप्तरी राहते. म्हणून तिथे जावक क्रमांक, दिनांक, विषय, सही, शिक्का हे सगळे हवे आणि भाषा औपचारिक हवी:

‘सर्व सभासद व भाडेकरूंना कळविण्यात येते की, रविवार, दि. १५ जून रोजी सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत टाकी साफसफाईसाठी ए व बी विंगचा पाणीपुरवठा बंद राहील. आदल्या रात्री पाणी भरून ठेवावे. या वेळेत गीझर बंद ठेवावा.’

‘कळविण्यात येते’ आणि ‘ठेवावे’ या रूपांत हुकूम कुणा एकाला उद्देशून नसतो, त्यामुळे ज्येष्ठ सभासदालाही ती खटकत नाहीत. पण हीच भाषा अति झाली की अर्थ हरवतो. ‘संबंधितांनी योग्य ती दक्षता घ्यावी’ असे लिहिले तर संबंधित कोण आणि दक्षता कसली, हे लिफ्टची वाट पाहत वाचणाऱ्याला कळत नाही. गीझर बंद ठेवा म्हणजे बंदच ठेवा, असे सांगायला हवे. टाकीत पाणी नसताना तो चालू राहिला तर आतली कॉइल जळू शकते.

ईमेल प्रत्येकाच्या नावावर पोचते. परगावी राहणाऱ्या घरमालकाला घराची खबर बहुधा तिथूनच मिळते. त्यामुळे इथे सूर पत्राचा असावा आणि कारणालाही जागा द्यावी. विषयाच्या ओळीत ‘महत्त्वाची सूचना’ असे मोघम लिहू नये. ‘रविवार, १५ जून: ९ ते ३ पाणी बंद’ लिहिले तर पत्र न उघडताही काम होते. आत असे लिहिता येईल:

‘सप्रेम नमस्कार. पावसाळ्यापूर्वी दोन्ही टाक्या साफ करून घेत आहोत. त्यासाठी रविवारी, १५ जूनला सकाळी ९ ते दुपारी ३ ए आणि बी विंगचे पाणी बंद राहील. कृपया आदल्या रात्री पाणी भरून ठेवावे आणि या वेळेत गीझर बंद ठेवावा. आपले घर भाड्याने दिले असल्यास भाडेकरूंनाही कळवावे, ही विनंती.’

‘कळविण्यात येते’च्या जागी ‘आम्ही करून घेत आहोत’ आले, म्हणजे समितीची माणसे समोर आली.

ग्रुपवर सुप्रभातच्या संदेशांत सूचना वाहून जाते, म्हणून पहिल्याच ओळीत मुद्दा हवा. शब्दांच्या दोन्ही बाजूंना `*` दिले की ते ठळक दिसतात:

‘`*रविवारी १५ जूनला पाणी बंद, सकाळी ९ ते दुपारी ३*`
मंडळी, ए आणि बी विंगची टाकी साफ होणार आहे. शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवा आणि रविवारी गीझर लावू नका. सुरुवातीचं पाणी गढूळ आलं तर थोडं वाहू द्या.’

इथे ‘ठेवावे’चे ‘ठेवा’ झाले तरी ‘ठेव’ होत नाही. ग्रुपवर आजोबाही असतात. मात्र घरगुती सुरात ‘उद्या’ हा शब्द चटकन येतो आणि तो घात करतो. शनिवारचा संदेश कुणी रविवारी सकाळी उघडला तर तो सोमवारी पाणी भरायच्या तयारीला लागेल. म्हणून वार आणि तारीख तिथेही लिहावी.

वार्षिक सर्वसाधारण सभेची गोष्ट वेगळी. आदर्श उपविधींनुसार तिची सूचना १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे ग्रुपवरच्या संदेशावर ते काम उरकू नये.

खरी कसोटी वेळ बदलली की लागते. कामगार ९ ऐवजी ११ला येणार असतील तर फलकावरचा जुना कागद काढून नव्या तारखेचा लावावा. ईमेल परत घेता येईल असे धरून चालू नये. विषयात ‘सुधारित वेळ’ लिहून नवी पाठवावी. व्हॉट्सॲपवरचा संदेश १५ मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो. त्यानंतर नवा टाकावा आणि त्यात ‘९ नव्हे, ११ वाजता’ असे जुन्या वेळेसकट सांगावे. तिन्ही बदल एकाच बैठकीत करावेत, कारण दोन वेळा दोन ठिकाणी दिसल्या की लोक आपल्याला सोयीची असेल तीच खरी धरतात.